नळी निघाल्यानंतरचे ४८ तास

१९९५ साली स्पेनमधल्या काही अतिदक्षता विभागांनी मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्हेंटिलेटरवर असलेले आणि आता मशीन काढण्याचा विचार करायला हरकत नाही असे ५४६ रुग्ण त्यांनी निवडले. मशीनचा आधार रोज थोडाथोडा कमी करत न्यायचा, ही तोवरची रीत होती. या डॉक्टरांनी आधी एक सरळ परीक्षा घेतली. घशातली नळी तशीच ठेवून मशीन बाजूला केलं आणि रुग्णाला दोन तास स्वतःच्या बळावर श्वास घेऊ दिला. ४१६ जणांनी ते दोन तास नीट काढले आणि त्यांची नळी तिथेच काढण्यात आली. चारांतले तीन रुग्ण पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झाले होते. उरलेल्या १३० जणांपैकी ज्यांची रोज एकदा अशी परीक्षा घेतली, ते जुन्या पद्धतींनी आधार कमी करत नेलेल्यांपेक्षा दोन ते तीन पट लवकर मशीनवरून सुटले.

या परीक्षेला स्वतःहून श्वास घेण्याची चाचणी म्हणतात. आपल्याकडच्या आयसीयूत डॉक्टर-सिस्टर तिला नुसतं ‘ट्रायल’ म्हणतात. ‘आज ट्रायल दिली, अर्धा तास राहिले’ हे वाक्य आयसीयूच्या दाराशी बसलेल्या प्रत्येक नातेवाइकाच्या कानावर कधी ना कधी पडतं.

ट्रायल पास झाली, नळी निघाली, घरच्यांनी पेढे वाटायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर सांगतात, ‘नळी परत घालावी लागली’, असंही होतं. ट्रायल पास होऊन नळी काढलेल्या दर १०० रुग्णांपैकी साधारण १० ते २० जणांना ४८ ते ७२ तासांच्या आत ती पुन्हा घालावी लागते. नळी काढण्याचा प्रयत्न फसणं म्हणजे हेच. ते नुसतं गैरसोयीचं नाही. अशा रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण बऱ्याच अभ्यासांत २५ ते ५० टक्के आढळलं आहे. काही जण मुळातच जास्त आजारी असतात, म्हणून हा आकडा मोठा दिसतो, हे खरं. पण पुन्हा घसरण्याच्या त्या काही तासांत शरीराला जो दणका बसतो, त्याचाही त्यात वाटा असतो.

मग नळी आणखी चार दिवस राहू द्यावी, असं वाटेल. त्यालाही मोठी किंमत आहे. मशीनवरच्या प्रत्येक जादा दिवसाबरोबर न्यूमोनियाचा धोका वाढतो आणि झोपेच्या औषधांनी भ्रम होतो. शिवाय छाती आणि पोट यांच्यामधला पडद्याचा स्नायू, जो आपल्या श्वासाचं बहुतेक काम करतो, तो काम नसल्याने झपाट्याने झिजतो. मेंदूमृत अवयवदात्यांच्या या स्नायूची तपासणी करून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये दाखवलं की, १८ ते ६९ तास मशीनने पूर्ण काम केलं तरी त्याचे तंतू निम्म्याहून अधिक बारीक झालेले असतात. लवकर काढली तर पुन्हा घालण्याची भीती आणि उशिरा काढली तर अशी झीज, या दोन्हींच्या मधला दिवस नेमका ओळखायचा असतो.

हे कसं ओळखतात, ते एका रुग्णाच्या गोष्टीतून सांगतो. ही कुणा एका व्यक्तीची हकिगत नाही. आयसीयूत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हा रुग्ण उभा केला आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातल्या ६८ वर्षांच्या आजी. आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावलेला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या. त्या धुराने त्यांच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या आहेत. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी बायकांना हा आजार असाच होतो. रक्तदाबाचा त्रास पंधरा वर्षांपासून. न्यूमोनिया झाला, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला, शुद्ध हरपू लागली, म्हणून घशातून नळी घालून व्हेंटिलेटर लावला.

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरलेला आहे, छातीच्या फोटोत सुधारणा आहे. आता ट्रायल द्यायची का, हे ठरवण्यासाठी आधी एक चाळणी लावतात. मूळ आजार आटोक्यात येतोय का? ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या आसपास पुरतोय का? रक्तदाब टिकवायला मोठी औषधं लागत नाहीत ना? रुग्ण जागा आहे का? या शेवटच्या प्रश्नासाठी झोपेचं औषध पहाटेच बंद केलेलं असतं. गुंगीतल्या माणसाची श्वासाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

चाळणीत एक छोटं गणितही असतं. १९९१ मध्ये कार्ल यांग आणि मार्टिन टोबिन यांनी ते मांडलं. दमलेला माणूस उथळ आणि भराभर श्वास घेतो. म्हणून मिनिटातल्या श्वासांच्या संख्येला एका श्वासात किती लिटर हवा येते, त्या आकड्याने भागायचं. भागाकार १०५ च्या वर गेला तर मशीन सोडणं बहुधा जमणार नाही. आजी मिनिटाला २६ श्वास घेत होत्या आणि प्रत्येक श्वासात ३०० मिलिलिटर हवा येत होती. २६ ला ०.३ ने भागलं की येतात ८७. हा आकडा ट्रायल द्यायला पुरेसा आहे, पण नळी काढायला पुरेसा नाही. गणित बरं आलं म्हणून कुणी नळी काढत नाही.

ट्रायल देण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत मशीनपासून पूर्ण सोडवून नळीच्या तोंडाला इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची जोडणी लावतात. तिच्यातून नुसता ओलसर ऑक्सिजन वाहतो, श्वास मात्र सगळा रुग्णाने ओढायचा. दुसरीत मशीन जोडलेलंच राहतं, पण अगदी कमी दाबाचा, पाच ते आठ सेंटिमीटर पाण्याइतका, टेकू देतं. नळीतून श्वास ओढण्याचा जो जादा त्रास असतो तेवढाच भरून काढावा, हा हेतू. पुन्हा स्पेनमधलेच संशोधक. २०१९ मध्ये त्यांनी ११५३ रुग्णांत दोन्हींची तुलना केली. टेकू देऊन अर्धा तास परीक्षा घेतलेल्यांपैकी ८२ टक्के, तर टी-जोडणीवर दोन तास राहिलेल्यांपैकी ७४ टक्के जण मशीनवरून यशस्वीपणे सुटले. सोप्या परीक्षेमुळे पुन्हा नळी घालावी लागणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही. कठीण परीक्षा काही तयार रुग्णांनाही उगाच दमवून नापास करत होती, असा याचा अर्थ. म्हणून आज बहुतेक ठिकाणी पहिली ट्रायल अर्ध्या तासाची आणि थोड्या टेकूसह देतात.

आजींना मात्र टी-जोडणीच दिली. कारण त्यांच्या हृदयाबद्दल शंका होती आणि मशीनचा थोडासा टेकूही हृदयावरचा ताण झाकून टाकतो.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग श्वास मिनिटाला ३४, मग ३८. कपाळावर घाम. रक्तदाब १३० वरून १९० वर. गळ्याचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताणले जाऊ लागले, डोळे भेदरले. विसाव्या मिनिटाला परत मशीन जोडलं. श्वास ३५ च्या वर टिकून राहणं, ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली जाणं, नाडी १४० च्या पुढे, रक्तदाब १८० च्या वर किंवा ९० च्या खाली, घाम, घाबरेपणा यांपैकी काही दिसलं की थांबायचं असतं. ‘अजून दहा मिनिटं बघू’ म्हणून ताणलं तर दमलेल्या स्नायूंना पुन्हा उभं राहायला एखादा दिवस लागतो.

इथे चांगला डॉक्टर आणि घाईतला डॉक्टर यांच्यातला फरक दिसतो. घाईतला म्हणतो, ‘फेल झाल्या, उद्या पुन्हा बघू.’ चांगला विचारतो, ‘कशामुळे फेल झाल्या?’ आजींच्या छातीची लगेच सोनोग्राफी केली, तेव्हा सकाळी कोरड्या दिसलेल्या फुप्फुसांत पाणी साठल्याच्या खुणा दिसल्या. मशीन हवा आत ढकलतं, तेव्हा छातीतला दाब वाढलेला असतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त थोडं अडून राहतं. मशीन निघालं की रुग्ण हवा स्वतः ओढतो, छातीतला दाब एकदम उतरतो, हृदयाकडे जास्त रक्त धावतं आणि त्याच वेळी डाव्या कप्प्याला ते पुढे ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षं रक्तदाब सोसून ताठरलेलं हृदय हे पेलत नाही आणि पाणी मागे फुप्फुसांत उतरतं. म्हणजे आजी श्वासाच्या परीक्षेत नापास झाल्या त्या हृदयामुळे. पुढचे दोन दिवस लघवी वाढवणारं औषध देऊन सुमारे अडीच लिटर जादा पाणी काढलं, रक्तदाबाची गोळी पुन्हा सुरू केली. सातव्या दिवशी तीच टी-जोडणी लावली, तेव्हा आजी अर्धा तास शांत राहिल्या. श्वास २४, नाडी ९६, अंग कोरडं.

आता नळी काढायची?

अजून नाही. नळी दोन कामं करत असते. तिच्यातून मशीनची हवा आत जाते, हे पहिलं. दुसरं म्हणजे ती घशातली वाट उघडी धरून ठेवते आणि साचलेला बेडका सक्शनने बाहेर काढायला रस्ता देते. ट्रायल फक्त पहिल्या कामाची परीक्षा घेते, कारण ट्रायल चालू असताना नळी जागेवरच असते. नळी निघाल्यावर घसा सुजून वाट बंद होईल का, बेडका स्वतः खोकून काढता येईल का, थुंकी गिळता येईल का, यांबद्दल ती एक अक्षरही सांगत नाही. ट्रायल पास होऊनही नळी परत घालावी लागते, त्यातला मोठा भाग या न तपासलेल्या दुसऱ्या कामाचा असतो. माझ्या मते आपल्या आयसीयूंमध्ये सर्वांत जास्त कसूर इथेच होते. अर्ध्या तासाचे आकडे कागदावर नीट उतरवले जातात, पण खोकला किती जोरात आहे हे कुणी लिहीत नाही.

घशाच्या वाटेची तपासणी सोपी आहे. नळीच्या खालच्या टोकाला एक छोटा फुगा असतो, तो श्वासनलिकेत फुगवून बसवलेला असतो. तो रिकामा केला की नळीच्या बाजूने हवा गळायला हवी. आजींना मशीनने ४२० मिलिलिटर हवा दिली, परत आली २६०. १६० मिलिलिटर हवा बाजूने निघून गेली, म्हणजे नळीभोवती जागा आहे. ही गळती ११० मिलिलिटरहून कमी असेल तर घसा सुजलेला असण्याची शंका घ्यायची. स्त्रिया, बरेच दिवस नळी असलेले, नळी घालताना फार खटपट झालेले रुग्ण यांना हा धोका अधिक. तेव्हा नळी काढण्याच्या निदान चार तास आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुरू करतात. फ्रान्समधल्या २००७ च्या एका मोठ्या चाचणीत १२ तास आधीपासून स्टेरॉइड दिल्यावर घशाच्या सुजेचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. मात्र गळती कमी दिसली म्हणून नळी आठवडाभर अडकवून ठेवू नये. अशा बऱ्याच रुग्णांची नळी नंतर विनातक्रार निघते.

मग खोकला. नळीत सक्शनची बारीक नळी घातल्यावर रुग्ण जोरात खोकतो का? नळीच्या तोंडासमोर पांढरा कागद धरून खोकायला सांगतात. त्यावर ओल उडाली तर बरं. किती वेळा सक्शन करावं लागतंय, हे सिस्टरांना विचारायचं. हा प्रश्न डॉक्टरांनी सिस्टरांना विचारायलाच हवा, कारण रात्रभर बेडका त्यांनीच काढलेला असतो. आणि चार सोप्या आज्ञा. ‘आजी, डोळे उघडा. माझ्या बोटाकडे बघत राहा. माझा हात दाबा. जीभ बाहेर काढा.’ चारही न जमणाऱ्या रुग्णांत नळी परत घालण्याचा धोका जास्त असतो, त्यातही खोकला अशक्त आणि बेडका भरपूर असेल तर तो फारच वाढतो.

आजींनी चारही आज्ञा पाळल्या. खोकला मात्र मध्यम होता आणि सक्शन दर दोन तासांनी लागत होतं. कागदावरचं बाकी सगळं अनुकूल, ही एक गोष्ट प्रतिकूल. डॉक्टरांनी नळी काढायचं ठरवलं. तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. प्रत्येक शंका फिटेपर्यंत थांबायचं ठरवलं तर नळी परत घालावी लागणारा एकही रुग्ण दिसणार नाही, पण त्याची किंमत उरलेले सगळे जण मशीनवरच्या जादा दिवसांनी मोजतील. स्वतःच्या हाताने नळी उपसून टाकणाऱ्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना ती परत घालावी लागत नाही, यावरून डॉक्टर मंडळी किती वेळा गरजेपेक्षा जास्त थांबतात, ते कळतं.

ट्रायल संपल्यावर आजींना तासभर पुन्हा मशीनवर विश्रांती दिली. स्पेनमध्येच झालेल्या आणखी एका चाचणीत एवढ्या तासाभराच्या विश्रांतीने पुन्हा नळी घालावी लागण्याचं प्रमाण १४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं होतं. सकाळी अकराला नळी काढली. वेळ मुद्दाम सकाळची घेतली, म्हणजे पहिले सहा-आठ तास सगळी मंडळी हजर असतात.

वय ६५ च्या वर, फुप्फुसांचा जुना आजार, हृदयाचा त्रास. यांतली एक गोष्ट असली तरी रुग्ण जास्त धोक्याचा धरतात, आजींना तिन्ही होत्या. म्हणून नळी निघताच, काहीही बिघडण्याची वाट न बघता, त्यांना तोंड-नाक झाकणारा घट्ट मास्क लावून बायपॅपचा दाब सुरू केला. मधल्या वेळेत जेवणखाण, बोलणं, खोकणं यांसाठी मास्क काढून नाकातून हाय फ्लो, म्हणजे मिनिटाला ५० लिटरपर्यंत कोमट, ओलसर हवा-ऑक्सिजन. फ्रान्समधल्या ३० आयसीयूंनी २०१९ मध्ये ६४१ रुग्णांवर हेच तपासलं होतं. नुसत्या हाय फ्लोवर ठेवलेल्यांपैकी १८ टक्क्यांना सात दिवसांत नळी परत लागली. हाय फ्लोच्या जोडीला पहिले ४८ तास, दिवसातले किमान १२ तास बायपॅप दिलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. धोका कमी असलेल्या तरुण रुग्णांना बायपॅपची गरज नसते, त्यांना हाय फ्लो पुरतो.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा, कारण त्यावर जीव अवलंबून असतो. बायपॅप आधीपासून लावणं आणि श्वास बिघडल्यावर लावणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००४ साली आठ देशांतल्या ३७ केंद्रांनी नळी काढल्यानंतर श्वास बिघडलेल्या २२१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्यांना बायपॅपसारखा मास्क, अर्ध्यांना नेहमीचे उपचार. पुन्हा नळी घालावी लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच राहिलं. पण मास्कवाल्यांतले २५ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांतले १४ टक्के. याचं एक संभाव्य कारण आकड्यांतच होतं. श्वास बिघडल्यापासून नळी घालेपर्यंत नेहमीच्या गटात साधारण अडीच तास गेले होते, मास्कच्या गटात बारा. मास्कवर ऑक्सिजनचा आकडा बरा दिसत राहतो, सगळे थांबतात आणि तोवर रुग्ण पूर्ण थकून गेलेला असतो. त्या अभ्यासात आजींसारखे जुन्या दम्या-धुराच्या आजाराचे रुग्ण थोडेच होते. अशांना आणि हृदयामुळे फुप्फुसांत पाणी झालेल्यांना बिघडल्यावरही बायपॅपचा उपयोग होऊ शकतो. पण घड्याळ लावून. तासा-दोन तासांत श्वास संथ झाला नाही, रक्ताचा रिपोर्ट सुधारला नाही, तर नळी.

आजींची संध्याकाळ चांगली गेली. चमचाभर पाणी नीट गिळल्यावर त्यांनी मुलाला चहा मागितला. रात्री नऊनंतर मात्र छातीत घरघर सुरू झाली. खोकत होत्या, पण बेडका वर येत नव्हता. सिस्टरांनी नाकातून सक्शन केलं, फिजिओथेरपिस्टने पाठ थोपटून दिली, वाफ दिली. अकराला श्वास ३४. हाक मारली की डोळे उघडायच्या आणि लगेच मिटायच्या. रक्तात कार्बन डायऑक्साइड ७२, आम्लता धोक्याच्या पातळीवर.

बिघाड कशामुळे झाला, त्यावर सुटकेचा उपाय ठरतो. श्वास आत घेताना शिट्टीसारखा, घोरल्यासारखा कर्कश आवाज येत असता, तर घसा सुजला असं म्हणता आलं असतं. तेव्हा बसतं करून ॲड्रिनॅलिनची वाफ देतात, स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात आणि त्याच वेळी नेहमीपेक्षा बारीक नळी व अनुभवी हात खाटेशी तयार ठेवतात, कारण सुजलेल्या घशात नळी घालणं अवघड असतं. फुप्फुसांत पाणी झालं असतं, तर लघवीचं औषध, रक्तदाब उतरवणारं औषध आणि बायपॅप यांनी बहुधा भागलं असतं. पण आजींचा घसा मोकळा होता आणि सोनोग्राफीत पाणीही नव्हतं. अडलं होतं ते बेडक्यावर. बेडका साठलेल्या, गुंगीत चाललेल्या माणसाला घट्ट मास्क बांधून ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर झाकण लावणं. मास्क बेडका काढत नाही. इथे एकच उपाय होता, नळी परत घालण्याचा, आणि तो लगेच करण्याचा.

डॉक्टर बाहेर आले, मुलाला सांगितलं. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, परत नळी नको. सकाळी तर आई बोलली माझ्याशी. आता किती हाल करायचे तिचे? मामांना फोन करतो, ते सकाळी येतील, मग ठरवू.”

हे वाक्य मी अनेक दारांशी ऐकलं आहे आणि त्यामागची माया मला कळते. पण त्या माणसाला आधी कुणी नीट सांगितलंच नव्हतं. सकाळी नळी काढताना त्याला फक्त ‘आता बऱ्या आहेत’ एवढंच कळलं होतं. पाचात एकाला नळी परत लागते, आजींना तो धोका जास्त आहे, लागली तर ती काही दिवसांपुरती असेल आणि बेडक्याचा बंदोबस्त झाला की पुन्हा निघेल, हे चार शब्द सकाळी बोलले गेले असते तर रात्री अकराला मामांच्या फोनवर निर्णय अडला नसता. डॉक्टरांनी त्याला आत नेलं, आईजवळ उभं केलं, घरघर ऐकवली. त्याने होकार दिला. पाऊण तास गेला होता. नळी परत घातली आणि सक्शनमधून चिकट, पिवळ्या बेडक्याचे गोळे निघाले.

त्यानंतरचे पाच दिवस एकाच कामाला दिले. बेडक्याची तपासणी करून अँटिबायोटिक बदललं, वाफ आणि फिजिओथेरपी दिवसातून चारदा, नळीसकट खुर्चीत बसवणं, झोपेची औषधं जवळजवळ बंद. खोकल्याचा जोर वाढला, सक्शन पाच-सहा तासांनी लागू लागलं. तेव्हा पुन्हा ट्रायल, पुन्हा गळतीची तपासणी, पुन्हा सकाळची वेळ आणि पुन्हा लगेच बायपॅप. या वेळी मुलाला आदल्या दिवशीच बसवून सगळं समजावलं होतं. दुसऱ्यांदाही जमलं नसतं तर गळ्याला छोटं छिद्र पाडून तिथून नळी बसवायची, म्हणजे ट्रेकिओस्टॉमी, हेही बोलून ठेवलं होतं. तिने घसा मोकळा होतो, झोपेचं औषध लागत नाही, बेडका काढणं सोपं जातं, रुग्ण बसू-उठू शकतो आणि ताकद आली की ती नळी काढूनही टाकता येते. गळ्याला भोक पडलं म्हणजे सगळं संपलं, हा समज खरा नाही. आजींना तिची गरज पडली नाही. तिसऱ्या दिवशी त्या वॉर्डमध्ये गेल्या.

काही रुग्णांच्या बाबतीत नळी परत न घालणं हाच योग्य निर्णय असतो. शेवटच्या टप्प्यातला कर्करोग, किंवा आयुष्यभराच्या आजाराने पूर्ण खचलेलं शरीर, किंवा रुग्णाने स्वतः शुद्धीत ‘पुन्हा नको’ असं सांगितलेलं. अशा वेळी धाप कमी करणारी औषधं, गरज वाटली तर आरामापुरता मास्क आणि जवळ बसलेली माणसं, एवढेच उपचार पुरेसे असतात आणि त्यात कुणी काही कमी केलं असं नसतं. पण हाही निर्णय रुग्ण जागा असताना, त्याला विचारून, दिवसाउजेडी व्हायला हवा.

म्हणून आयसीयूच्या दाराशी बसलेल्यांना एकच विनंती. ‘उद्या नळी काढतोय’ असं डॉक्टरांनी सांगितलं की त्याच वेळी तीन गोष्टी विचारा. यांना धोका जास्त आहे का? असेल तर नळी निघाल्यावर लगेच काय लावणार? आणि परत घालावी लागली तर आमचं उत्तर काय असावं, असं तुम्हाला वाटतं? त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरच्यांशी आणि शक्य असेल तर रुग्णाशी बोलून, नळी निघण्याआधी डॉक्टरांना सांगून ठेवा.